साडेचौदा लाखांच्या पुढचं बोलणं

नोकरीच्या ऑफरचं बोलणं फोनवर चालू असतं. आकडा थोडा वर सरकतो, आग्रह केल्यावर आणखी थोडा सरकतो, आणि मग एचआरकडून ठरलेलं वाक्य येतं, "याच्या वर आम्हाला जाता येणार नाही." इथे बहुतेक उमेदवार एक तर तोच आकडा पुन्हा पुन्हा मागत राहतात, नाही तर 'ठीक आहे' म्हणून बोलणं संपवतात. हे वाक्य कशामुळे आलं, असं विचारणारे फार थोडे. आणि पगाराऐवजी काय मागावं, कुणाकडे मागावं आणि ते मिळण्याची शक्यता किती, हे सगळं त्या कारणावरच ठरतं.

कारणं साधारण तीन असतात. पहिलं म्हणजे ग्रेडची कमाल मर्यादा. मध्यम आणि मोठ्या कंपन्यांमध्ये प्रत्येक ग्रेडला पगाराचा एक पट्टा ठरलेला असतो. त्याला बँड म्हणतात. बँडच्या वरच्या टोकाला माणूस घेतला तर त्याला पुढच्या वर्षी वाढ द्यायला जागा उरत नाही, म्हणून एचआर तिथे जायला कचरतं. दुसरं कारण म्हणजे त्या जागेसाठी मंजूर झालेली रक्कम. जागा भरायची परवानगी मिळाली त्याच वेळी वित्त विभागाने एक आकडा मान्य केलेला असतो आणि तो बदलायचा तर फाइल पुन्हा वर पाठवावी लागते. तिसरं कारण टीममधल्या इतरांचे पगार. तेच काम, तेवढाच अनुभव असलेला माणूस आधीपासून चौदा लाखांवर काम करत असेल, तर नव्या माणसाला सोळा देणं मॅनेजरला परवडत नाही. बातमी महिन्याभरात फुटते.

कोणतं कारण आहे ते एचआरच्या शब्दांवरूनच बरंचसं कळतं. "या ग्रेडला इतकंच असतं" म्हणजे बँड. "या पोझिशनला इतकंच सँक्शन आहे" म्हणजे बजेट. "टीममध्ये डिस्टर्बन्स होईल" म्हणजे तुलना. कळलं नाही तर सरळ विचारावं, "मॅडम, ही मर्यादा ग्रेडची आहे, या जागेच्या बजेटची आहे, की टीममधल्या इतरांच्या पगाराची?" या प्रश्नात कुरबुर नाही, त्यामुळे त्याचं उत्तर बहुधा मिळतं.

हे जाणून घेणं का आवश्यक आहे ते लवकरच्या वेतन-आढाव्याच्या उदाहरणातून दिसेल. अडचण बजेटची असेल तर लवकर आढावा मागणं अगदी योग्य, कारण एप्रिलमध्ये नवं बजेट येतं. अडचण बँडच्या कमाल मर्यादेची असेल तर सहा महिन्यांनी आढावा झाला तरी मर्यादा तीच राहणार. तेव्हा मागायचा तो वरच्या ग्रेडसाठीचा आढावा, नुसत्या पगाराचा नव्हे. आणि अडचण इतरांशी तुलनेची असेल, तर पगारपत्रकात न दिसणाऱ्या किंवा एकदाच होणाऱ्या खर्चाच्या गोष्टी सहज सुटतात: प्रशिक्षणाचा खर्च, घरून कामाचे दिवस, जॉइनिंग बोनस. अर्थात जॉइनिंग बोनस बहुधा वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करायच्या अटीवर येतो, हे ध्यानात ठेवावं.

एक नमुन्याचा प्रसंग घेऊन हे सविस्तर पाहू. पुण्यातली एक टेस्ट इंजिनिअर आहे असं समजा. सात वर्षांचा अनुभव, राहायला कोथरूडला, वडील चिपळूणला एकटे. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत निवड झाली आहे. तिची अपेक्षा सोळा लाख फिक्स्ड पगाराची, कंपनीचा शेवटचा आकडा साडेचौदा. (इथे फिक्स्ड म्हणजे दर महिन्याला हमखास मिळणारी रक्कम. बेसिक, घरभाडे भत्ता, विशेष भत्ता यांची आपापसात फिरवाफिरव करून एचआर "बघा, बेसिक वाढवून दिलं" असं म्हणाली, तर एकूण रक्कम तीच राहिली आहे.) तिने कारण विचारलं तेव्हा उत्तर आलं, "ग्रेडमध्ये जागा आहे, पण या वर्षी याच पोझिशनला एवढंच मंजूर आहे." म्हणजे बजेट. कमी पडले वर्षाला दीड लाख. रुजू व्हायची तारीख २ नोव्हेंबर.

या प्रसंगात सगळ्यात मोलाची गोष्ट त्या तारखेत आहे आणि ती सहज नजरेआड होते. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांची वेतनवाढ १ एप्रिलपासून लागू होते, पण त्या फेरीत कोण बसतं याला एक कट-ऑफ तारीख असते. ती कंपनीगणिक बदलते. ३० सप्टेंबर धरून चालू. त्यानंतर रुजू झालेल्यांना पुढच्या एप्रिलमध्ये वाढ नाही. म्हणजे २ नोव्हेंबरला आलेली ही मुलगी पहिली वाढ पाहील ती थेट त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये, सतरा महिन्यांनी. ऑफर लेटरमध्ये हे बहुधा लिहिलेलं नसतं. ते वेतनवाढीच्या धोरणात असतं आणि ते धोरण रुजू झाल्यावरच वाचायला मिळतं. म्हणून ऑफरच्या टप्प्यावर विचारायचा प्रश्न असा: "मी नोव्हेंबरमध्ये जॉइन झाले तर येत्या एप्रिलच्या सायकलमध्ये असेन का? पूर्ण वाढ मिळेल, की महिन्यांच्या प्रमाणात?"

आता हिशेब. सरासरी वाढ आठ टक्के धरली (हा अंदाज आहे, आश्वासन नव्हे), तर साडेचौदा लाखांवर ती वर्षाला १,१६,००० रुपये होते. एप्रिलच्या फेरीत तिला पूर्ण धरलं तर ही रक्कम तिला बारा महिने आधी मिळू लागते आणि त्यापुढची प्रत्येक वाढ वाढलेल्या आकड्यावर होते. महिन्यांच्या प्रमाणात धरलं तर नोव्हेंबर ते मार्च अशा पाच महिन्यांचे ४८,००० रुपयांच्या आसपास. अजिबात धरलं नाही तर शून्य. दीड लाखांच्या तफावतीतला बराच भाग इथे भरून निघू शकतो, तोही ऑफरच्या आकड्याला हात न लावता.

"लवकर आढावा" म्हटलं की उमेदवार साधारणतः सहा महिन्यांनी खास आढावा मागतात. मला ती मागणी कमकुवत वाटते. मे महिन्यात एकट्या माणसाचा पगार वाढवायचा तर एचआर प्रमुख आणि वित्त विभाग दोघांची विशेष परवानगी लागते आणि एप्रिलच्या वाढीत त्या वर्षाचं बजेट बरंचसं वाटून झालेलं असतं. शिवाय तोवर बोलणी करणारी एचआर किंवा निवड करणारा मॅनेजर बदललेला असू शकतो. त्यापेक्षा, सगळ्यांची वाढ होत असलेल्या फेरीतच मला घ्या, कट-ऑफची अट माझ्यापुरती शिथिल करा, ही मागणी मान्य करणं कंपनीला फार सोपं जातं. पैसा नव्या वर्षाच्या बजेटमधून येतो, प्रक्रिया आधीपासून चालू असते, वेगळी फाइल हलवावी लागत नाही. सहा महिन्यांचाच आढावा हवा असेल, तर तो प्रोबेशन संपून नोकरी कायम होण्याच्या तारखेला जोडून मागावा. त्या दिवशी मॅनेजरला तसंही एक मूल्यमापन लिहावं लागतं.

दुसरी काळजी घ्यायची ती आढावा आणि वेतनवाढ यांतल्या फरकाची. "सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू" एवढं कबूल झालं आणि सहा महिन्यांनी मॅनेजरने अर्धा तास बसून "काम छान चाललंय" असं सांगितलं, तर कंपनीने शब्द पाळला असं होतं. त्यामुळे मागणीत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: पगाराचा आढावा, तो कोणत्या तारखेपासून लागू, आणि कशावर ठरणार. एचआरला तिने पाठवलेला मेल असा होता असं धरू:

"१४.५ लाखांचा फिक्स्ड पगार मला मान्य आहे. माझी विनंती एवढीच, की येत्या १ एप्रिलच्या वेतनवाढीसाठी मला कट-ऑफ तारीख लागू करू नये आणि वाढ पूर्ण वर्षाप्रमाणे धरावी. त्यासाठी मॅनेजरसोबत दोन उद्दिष्टं पहिल्या महिन्यातच ठरवून सिस्टिममध्ये नोंदवायला मी तयार आहे."

उद्दिष्टांचं वाक्य तिने मुद्दाम घातलं. नव्या माणसाला मॅनेजर बहुधा मधली श्रेणी देऊन मोकळा होतो, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. मूल्यमापन फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, म्हणजे दाखवण्यासारखं काम जानेवारीअखेर झालेलं हवं. तिचं एक उद्दिष्ट असं ठरू शकतं: प्रत्येक नव्या आवृत्तीच्या आधी जुनं काही बिघडलं नाही ना हे तपासणाऱ्या ज्या चाचण्या आज टीम हाताने तीन दिवस करते, त्यांतल्या निम्म्या ३१ जानेवारीपर्यंत आपोआप चालाव्यात. हे मोजता येतं, टीमला दिसतं, आणि मॅनेजरला वर सांगता येतं. "टेस्टिंगची गुणवत्ता सुधारणे" असलं उद्दिष्ट लिहून घेतलं तर मार्चमध्ये त्यावर काहीच सिद्ध करता येत नाही.

एचआरचं उत्तर कदाचित येईल, "पूर्ण वाढ देता येणार नाही, प्रो-राटा बघू." हे घ्यावं. शून्यावरून ४८,००० वर येणं तर आहेच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे ती त्या फेरीत आली. पुढच्या एप्रिलला कुणी तिला नवीन म्हणून बाजूला ठेवणार नाही. उत्तर "बघू, त्या वेळी बोलू" असं आलं, तर मात्र काहीही मिळालेलं नाही. त्या वाक्यात तारीख नाही आणि जबाबदार माणूसही नाही.

दुसरी मागणी जादा रजेची. तिच्याकडे वळण्याआधी कायदा पाहून घ्यावा, म्हणजे जे हक्काचं आहे तेच सवलत म्हणून पदरात पडत नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा अधिनियम आहे. त्यानुसार कामगाराला वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात, सणांच्या आणि राष्ट्रीय मिळून ८ भरपगारी सुट्या मिळतात, आणि वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्याला कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय पदं यातून वगळलेली आहेत. मोठ्या आयटी कंपन्या बहुधा यापेक्षा थोडं जास्तच देतात, पण लहान कंपनीची ऑफर असेल तर हे आकडे शेजारी ठेवून रजेचं कलम वाचावं.

एका जादा रजेची किंमत काय? वर्षातून शनिवार-रविवार आणि दहा सुट्या वजा केल्या तर कामाचे अडीचशे दिवस उरतात. साडेचौदा लाखांना त्याने भागलं की एक दिवस ५,८०० रुपयांचा. पाच जादा दिवस म्हणजे २९,०००, पगाराचे दोन टक्के. पण हा हिशेब आपल्यासाठी आहे. कंपनीचा हिशेब वेगळा चालतो आणि तो समजला तर मागणी नीट घडवता येते. जी रजा साठवता येते आणि नोकरी सोडताना रोखीत मिळते, तिच्यासाठी कंपनीला ताळेबंदात दरवर्षी तरतूद करावी लागते. ते कर्जासारखंच देणं असतं. शिवाय पगार वाढला की जुन्या साठलेल्या रजेचंही मोल वाढतं. वित्त विभागाचा जादा रजेला विरोध मुख्यतः यासाठी असतो. म्हणून मागताना स्वतःहून सांगावं, की हे पाच दिवस त्याच वर्षात घेईन, साठवणार नाही, त्यांचे पैसे मागणार नाही. अशा रजेने ताळेबंदावर बोजा येत नाही. उरतो तो कामाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मॅनेजर देऊ शकतो.

दुसरा अडसर उदाहरण घालून देण्याचा असतो. "तुम्हाला पाच दिले तर सगळ्यांना द्यावे लागतील" हे म्हणणं खोटं नसतं, कारण रजेची शिल्लक सिस्टिममध्ये दिसते. यावर एक चांगली वाट आहे. कंपनीत सेवेच्या वर्षांनुसार रजा वाढत असेल, म्हणजे नव्या माणसाला १८ आणि पाच वर्षं झालेल्याला २३ असं काही, तर आपला आधीचा अनुभव धरून आपल्याला त्या वरच्या पायरीवर ठेवण्याची विनंती करावी. "मी सात वर्षं हेच काम करते आहे, रजेपुरती माझी गणना पाच वर्षांच्या पायरीत करता येईल का?" इथे एचआरला नवा नियम करावा लागत नाही, असलेल्या नियमात तिला बसवायचं असतं. एचआरच्या माणसाला अपवादाची टिप्पणी लिहिण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

आणि पहिल्या वर्षाची खरी अडचण रजा किती यापेक्षा कधी, ही असते. रजा बहुतेक ठिकाणी महिन्याला दीड-दोन दिवस अशी जमा होते, काही कंपन्या प्रोबेशनमध्ये ती घेऊ देत नाहीत, आणि फेब्रुवारीत बहिणीचं लग्न येतं. किंवा कोकणातल्या माणसाला गणपतीत आठवडाभर घरी जायचंच असतं. ठरलेल्या तारखांची रजा ऑफर स्वीकारतानाच लिहून मागितली तर सहसा नाही म्हणत नाहीत, कारण कंपनीला फुटकी कवडीही लागत नाही. हीच मागणी रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात केली की ती रजेचा अर्ज ठरते, आणि त्या आठवड्यात रिलीज असेल तर नामंजूर होते.

घरून कामाच्या दिवसांचं मोल अनेकांसाठी या सगळ्याहून अधिक असतं. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ अलेक्झांद्र मास आणि अमांडा पॅले यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नोकरी शोधणारे लोक घरून काम करता यावं म्हणून सरासरी आठ टक्के पगार सोडायला तयार दिसले. ते कॉल सेंटरचे अर्जदार होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा पुण्याला लावता येणार नाही, पण कोथरूडहून हिंजवडीला सकाळ-संध्याकाळ जाणाऱ्याला त्याची दिशा पटेल. एकीकडचा प्रवास सव्वा तासाचा धरला तर दोन दिवस घरून काम म्हणजे आठवड्याला पाच तास वाचले. कंपनीच्या बाजूने बोलायलाही पुरावा आहे. शांघायमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्या गटात राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले आणि कामाच्या मूल्यमापनात फरक दिसला नाही.

तरीही लवकर आढावा, जादा रजा, घरून काम आणि प्रशिक्षण या चारांत सगळ्यात अस्थिर सवलत घरून कामाचीच आहे. ती मॅनेजर देतो आणि मुख्यालयातलं एक परिपत्रक ती काढून घेतं. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावलं, तेव्हा कोणत्या टीमचं आपापसात काय ठरलं होतं याला अर्थ उरला नाही. म्हणून कमी पगाराच्या बदल्यात फक्त घरून कामाचे दिवस घेऊ नयेत, असं मला ठामपणे वाटतं. कमी पगार पुढच्या प्रत्येक वाढीत आणि पुढच्या प्रत्येक नोकरीच्या बोलणीत सोबत येतो. दोन दिवसांची सवलत वर्षभरात जाऊ शकते. घ्यायचीच असेल तर पत्रात एवढं वाक्य घालायला लावावं, की धोरण बदललं तर साठ दिवसांची पूर्वसूचना मिळेल. घर बदलणं, मुलांचं पाळणाघर ठरवणं, यासाठी तेवढा वेळ लागतोच.

आपल्या टेस्ट इंजिनिअरला दर आठवड्याचे दोन दिवस फारसे कामाचे नाहीत, हेही इथे ध्यानात यावं. तिला चिपळूणला वडिलांकडे जायचं आहे आणि दोन दिवसांसाठी घाट उतरून जाण्यात अर्थ नाही. तिने दर तीन महिन्यांत सलग दहा दिवस चिपळूणहून काम करण्याची परवानगी मागितली. दिवसांची बेरीज दोन दिवसांच्या नेहमीच्या रिवाजापेक्षा खूपच कमी, त्यामुळे मॅनेजरने हो म्हणायला वेळ लावला नाही. तिने सोबत सांगितलं की रिलीजचा आठवडा सोडून तारखा निवडीन, घरी फायबर इंटरनेट आहे, आणि कंपनीचा लॅपटॉप कंपनीच्याच सुरक्षित जोडणीवर वापरीन. अशा मागणीवर मॅनेजर नेमके हेच तीन प्रश्न विचारतो. ही मागणी एचआरकडे न नेता तिने थेट मॅनेजरकडे नेली, कारण निर्णय त्याचा होता. एचआरकडे गेली असती तर उत्तर "धोरणाप्रमाणे" एवढंच आलं असतं.

प्रशिक्षणाच्या खर्चाबद्दल थोडक्यात. तो वेगळ्या खात्यातून जातो, आणि मार्च जवळ आला की त्या खात्यात न वापरलेला पैसा पडून असण्याची शक्यता बरीच असते. ५०,००० रुपयांचा अभ्यासक्रम असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९,००० होतात. साडेचौदा लाखांच्या पगारावर नव्या करप्रणालीच्या २०२५-२६ च्या दरांनी वरच्या रुपयाला उपकरासह १५.६ टक्के कर लागतो. म्हणजे स्वतःच्या खिशातून ५९,००० भरायला तिला जवळपास ७०,००० मिळवावे लागतील. कंपनीने थेट आपल्या नावाने बिल घेतलं तर जीएसटीचे ९,००० ती सहसा वळते करून घेऊ शकते. एकच अभ्यासक्रम तिला सत्तर हजारांना आणि कंपनीला पन्नास हजारांना पडतो. म्हणून "वार्षिक लर्निंग बजेट द्या" असं मोघम मागण्यापेक्षा अभ्यासक्रमाचं नाव, शुल्क आणि तारीख देऊन मागावं, आणि बिल कंपनीच्या नावाने होईल असं ठरवावं.

यात जपायची गोष्ट म्हणजे बाँड. प्रशिक्षण दिलं म्हणून दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडलीत तर अमुक रक्कम भरा, अशी अट पुढे येते. असे बाँड मुळातच बेकायदा असतात हा समज चुकीचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. तिथे सरकारी बँकेच्या भरतीप्रक्रियेचा खर्च हा मुद्दा होता, तरी खासगी कंपनीच्या बाँडवर सही करताना तो निकाल आठवावा. पन्नास हजारांच्या अभ्यासक्रमासाठी दोन वर्षं आणि दोन लाख असा बाँड असेल तर अभ्यासक्रम नको म्हणावं. बाँड घेतलाच तर रक्कम प्रत्यक्ष खर्चाएवढी असावी आणि ती दर महिन्याला कमी होत जावी, असं लिहून घ्यावं.

चारही गोष्टी एकदम मागू नयेत. प्रत्येकीला मान्यता देणारा माणूस वेगळा आहे. चार मागण्या म्हणजे एचआरच्या त्या कर्मचाऱ्याला चार दारं ठोठावावी लागतात आणि त्यांतल्या एका ठिकाणी नकार आला की उरलेल्या तिन्हींचा उत्साह मावळतो. आपल्या इंजिनिअरने एचआरकडे एकच मागणी नेली, एप्रिलच्या फेरीची. चिपळूणचं मॅनेजरशी बोलली. रजेचं फक्त फेब्रुवारीतल्या बहिणीच्या लग्नाच्या पाच तारखांपुरतं लिहून घेतलं. प्रशिक्षणाचा विषय तिने त्या वेळी काढलाच नाही. तो जानेवारीत, खात्यात पैसे उरलेले असताना, काढता येतो.

आता कागद. नियुक्तिपत्राच्या शेवटी एक कलम जवळपास नेहमी असतं: या पत्रामुळे यापूर्वीची सर्व तोंडी आणि लेखी बोलणी रद्द समजली जातील. वाचताना ते सवयीने ओलांडलं जातं. पण फोनवर कबूल झालेलं तर सोडाच, एचआरने मेलवर "हो, चालेल" लिहिलेलंसुद्धा या एका वाक्याने निकालात निघू शकतं. म्हणून मान्य झालेल्या गोष्टी नियुक्तिपत्राच्या परिशिष्टात यायला हव्यात आणि सही करण्याआधी यायला हव्यात. राजीनामा दिल्यानंतर परिशिष्ट मागणाऱ्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं. "परिशिष्ट जोडून पत्र आलं की मी लगेच सही करून पाठवते आणि आजच्या कंपनीत राजीनामा देते" हे वाक्य एचआरला आवडतं, कारण जागा भरल्याची तारीख तिलाही वर कळवायची असते.

परिशिष्टातल्या शब्दांकडे नीट पाहावं. "एप्रिलच्या वेतनवाढीसाठी विचार करण्यात येईल" आणि "एप्रिलच्या वेतनवाढीच्या फेरीत समावेश करण्यात येईल, कट-ऑफ तारीख लागू होणार नाही" यांत दुसरं हवं. वाढ किती हे कंपनी लिहून देणार नाही आणि ते मागूही नये. समावेश मात्र लिहून देता येतो. एचआर समावेशाचंही लिहायला तयार नसेल, तर ती सवलत मिळालेली नाही असं समजून निव्वळ साडेचौदा लाखांवर ही नोकरी हवी का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

रुजू झाल्यावर सिस्टिम उघडून तीन नोंदी पाहाव्यात, पहिल्या दोन पहिला महिना संपताना आणि तिसरी जानेवारीत: फेब्रुवारीची रजा मंजूर दिसते का, दोन्ही उद्दिष्टं मॅनेजरच्या मान्यतेसह नोंदली गेली का, आणि येत्या मूल्यमापनाच्या यादीत आपलं नाव आहे का. तिसरी नोंद सहसा जानेवारीत तयार होते आणि ती सिस्टिम रुजू होण्याच्या तारखेवरून आपोआप करते. परिशिष्ट सिस्टिम वाचत नाही. म्हणजे सगळं लिहून मिळालेलं असलं तरी यादीत नाव नसण्याचीच शक्यता जास्त. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परिशिष्टाची प्रत जोडून एचआरला दोन ओळींचा मेल करावा आणि त्यात मॅनेजरलाही ठेवावं. फेब्रुवारीत मूल्यमापनाचे फॉर्म उघडतात तेव्हा आपला फॉर्म दिसला नाही तर त्याच दिवशी फोन करावा, कारण वेतनवाढीचं बजेट त्या यादीतल्या डोक्यांवरून ठरतं आणि मार्चच्या मध्यानंतर त्यात नाव घालायला कुणीही तयार नसतं.